१०० क्विंटल धान, वहीत नफा, बँकेत खडखडाट: तांदळाचा क्विंटलमागे खर्च नेमका कसा काढायचा?

लाखनीची_मी

नमस्कार मंडळी. लाखनीजवळ आमच्या शेतकरी गटाची छोटी राइस मिल आहे. तासाला दहा-बारा क्विंटल धान भरडते. हिशेबाची वही माझ्याकडे असते. या हंगामात वहीप्रमाणे क्विंटलमागे पाचशे रुपये सुटतायत, आणि बँकेत बघावं तर हमालाला द्यायलाही पैसे नाहीत. दोन महिने डोकं खाजवतेय.

एका लॉटचा हिशेब देते. साधं धान, १०० क्विंटल. २०२५-२६ चा आधारभूत भाव २,३६९ होता, आम्ही शेतकऱ्याच्या दारातून २,४०० ने उचललं, म्हणजे २,४०,०००. हमाली, गाडी, बारदाना ६,०००. वाळवण, वीज, मजुरी, रबर रोल, मशीनचा घसारा धरून १३,०००. एकूण २,५९,०००.

यातून दुय्यम मालाचे पैसे वजा केले. कनकी म्हणजे तुकडा तांदूळ ११ क्विंटल २,२०० ने, कोंडा ८ क्विंटल १,८५० ने, भुसा २२ क्विंटल २५० ने. तिन्ही मिळून ४४,५००. उरले २,१४,५००. तांदळाचा उतारा ६७ टक्के, म्हणून ६७ ने भागलं. ३,२०१ रुपये क्विंटल आला. विकतो ३,७०० ला. मग पैसा जातो कुठे?

तळकोकणी

ताई, तुम्ही भरडाई किती लावता ते लिहिलंच नाही. आमच्याकडे गिरणवाला किलोवर पैसे घेतो, आणि काही ठिकाणी कोंडा त्याचाच. घरच्या भाताचा हिशेब कोण करतो म्हणा. तूस चुलीत, कोंडा गुरांना, कण्या पेजेला. आणि भुसा म्हणजे तूसच ना? की कोंडा?

लाखनीची_मी

भरडाई लावत नाही दादा, मिल आमचीच आहे, धानही आम्हीच विकत घेतो. भुसा म्हणजे तुमचं तूस. कोंडा वेगळा, तो पॉलिशरखालून निघतो आणि तेलवाले नेतात.

जुना_चक्कीवाला

ताई, जरा बेरीज करा. तांदूळ ६७, कनकी ११, कोंडा ८, भुसा २२. झाले १०८. शंभरातून एकशे आठ निघायला लागले तर मीही गोंदियात परत मिल टाकतो.

तुमचा पैसा त्या आठात आहे. आठातच नाही, त्याहून जास्त आहे. पण आधी सांगा, हे ६७ तुम्ही काट्यावर मोजलेत की कोणी सांगितले?

लाखनीची_मी

मिस्त्रीने सांगितले. "आपली मशीन ६७ काढते" असं तो पहिल्या दिवसापासून म्हणतो. कनकी, कोंडा, भुसा मात्र विकलेल्या पावत्यांवरून घेतलंय, ते वजन खरं आहे. तांदळाच्या सगळ्या कट्ट्यांचं एकत्र वजन कधी केलं नाही. गोदामात माल शिल्लक असेल असंच धरत होते.

सरकारी_भरडाई

मिस्त्री खोटं बोलत नाही. ६७ चा आकडा आमच्याकडून आलाय. सरकारी धान भरडायला घेतलं की १०० किलोमागे ६७ किलो कच्चा तांदूळ जमा करावा लागतो, उकड्याला ६८. पण त्या ६७ मध्ये कनकी धरलेली असते. साध्या तांदळात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालतो असा तिथला नियम, त्यामुळे आम्ही कनकी निवडून बाहेर काढतच नाही. तुम्ही चाळून अखंड तांदूळ विकता आणि कनकी वेगळी विकता. मग भागताना ६७ धरून कसं चालेल?

आमचा हिशेब तसाही वेगळा. धानाचे पैसे आमचे नसतात. केंद्राची भरडाई क्विंटलला १० रुपये, राज्य वर काही देईल ते, आणि कोंडा, भुसा आमचा. आम्ही त्या कोंड्यावरच जगतो असं समजा.

लाखनीची_मी

थांबा, म्हणजे मी कनकी दोनदा मोजली? एकदा तांदळात आणि एकदा वजावटीत?

जुना_चक्कीवाला

बरोबर धरलंत. कनकी एकतर तांदळाच्या पोत्यात जाते नाहीतर वजावटीच्या ओळीत. दोन्हीकडे बसवली की वहीत नफा दिसतो.

पण ही अर्धीच चूक. ६७ मधून ११ काढले तर ५६ राहतात. तुमच्याकडे तेवढेही निघाले नसणार. कारण ६७ हे कशाचे? वाळलेल्या, साफ केलेल्या धानाचे. पैसे तुम्ही ओल्या धानाचे दिलेत. घेताना ओलावा किती होता?

लाखनीची_मी

मीटरवर साडेसोळा. आम्ही पटांगणात वाळवून १४ वर आणलं.

जुना_चक्कीवाला

मग असं बघा. साडेसोळा टक्के पाणी म्हणजे १०० क्विंटलमध्ये कोरडा माल साडेत्र्याऐंशी. तो माल तसाच राहतो, पाणी उडतं. १४ टक्क्यांवर तोच माल एकूण वजनाच्या ८६ टक्के असतो. ८३.५ ला ८६ ने भागा, ९७ आणि थोडं वर येतं. म्हणजे तीन क्विंटल हवेत गेले, पैसे मात्र शंभराचेच दिले. लोक म्हणतात अडीच टक्के ओलावा कमी झाला म्हणजे अडीच टक्के वजन कमी झालं. तसं होत नाही, थोडं जास्तच जातं.

पुढे चाळणी आणि खडेकाढणीत माती, काड्या, पोचट धान मिळून एक क्विंटल धरा. टरफल काढणाऱ्या शेलरमध्ये गेले ९६. त्यातून कनकी ११, कोंडा ८, भुसा २२ हे तुमच्या पावत्यांवरचे. धूळ, सांडलेलं आणि पंख्याने उडवलेलं मिळून दोन क्विंटल. उरला अखंड तांदूळ ५३. तांदूळ आणि कनकी मिळून ६४ होतात, आणि ९६ चे ६४ म्हणजे ६६.७ टक्के. तुमच्या मिस्त्रीचे ६७ बरोबर निघाले बघा. फक्त ते कशाचे ते कोणी विचारलं नाही.

आता भागाकार. कनकी २,२०० ने गेली, पण तिचं पोतं आणि हमाली तुमचीच ना? हातात पडतं तेच वजा करायचं. क्विंटलला ५० रुपये तिन्हीतून काढतो. कनकी ११ गुणिले २,१५०, म्हणजे २३,६५०. कोंडा ८ गुणिले १,८००, म्हणजे १४,४००. भुसा २२ गुणिले २००, म्हणजे ४,४००. एकूण ४२,४५०. खर्च २,५९,००० मधून हे गेले, राहिले २,१६,५५०. ५३ ने भागा.

४,०८६ रुपये. वर तांदळाच्या पोत्याचा आणि शिलाईचा खर्च आहेच.

लाखनीची_मी

आणि मी ३,७०० ला विकतेय.

जरा वेळाने येते.

खतावणी

एक तांत्रिक मुद्दा. मी लेखापालाकडे काम करतो. एएस २ या मालसाठ्याच्या लेखा मानकात दुय्यम उत्पादनाची किंमत नगण्य असेल तेव्हाच ती निव्वळ वसुली मूल्याने मुख्य मालाच्या खर्चातून वजा करतात. भुसा नगण्य, मान्य. कोंडाही चालेल. पण २,२०० ची कनकी दुय्यम कशी? तांदळाच्या निम्म्याहून जास्त भाव आहे तिला. ती संयुक्त उत्पादन म्हणून धरा आणि खर्च विक्री मूल्याच्या प्रमाणात वाटा. आणि माझ्या मते भुशाचे पैसे खर्चातून वजा न करता 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायला हवेत.

जुना_चक्कीवाला

पहिलं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, दुसरं नाही. भुसा 'इतर उत्पन्नात' टाकला तर नफा तेवढाच राहतो, पण क्विंटलचा खर्च फुगतो, आणि ताईंना तर भाव ठरवायचाय. तुम्ही ज्या एएस २ चं नाव घेतलंत तेच वजा करायला सांगतं.

कनकीचं करून बघू. २,५९,००० मधून कोंडा आणि भुसा काढले, २,४०,२०० राहिले. पोत्याचे ४० रुपये काढून तांदूळ ३,६६० प्रमाणे १,९३,९८०, कनकी २३,६५०. म्हणजे सुमारे ८९ टक्के भार तांदळावर. क्विंटलला ४,०४० येतो. माझ्या पद्धतीने ४,०८६. शेहेचाळीस रुपयांचा फरक.

हा फरक येतो कुठून? तुमच्या पद्धतीत तोट्याचा थोडा वाटा कनकीही उचलते. माझ्या पद्धतीत तोटा असो की नफा, सगळा तांदळाच्या डोक्यावर. गावातल्या मिलला मी माझीच पद्धत सांगेन, कारण कनकीसाठी कोणी धान भरडत नाही.

खतावणी

इथेनॉलवाले कनकीसाठीच बसलेत साहेब. तुमच्या काळी कोंबडीखाद्यच होतं. एखाद्या वर्षी कनकीचा भाव तांदळाच्या जवळ गेला तरी तुम्ही तिला दुय्यमच म्हणणार का?

जुना_चक्कीवाला

तेव्हाचं तेव्हा बघू. दरवर्षी पद्धत बदलली तर मागच्या वर्षाशी तुलना कशी करायची, ते आधी सांगा.

सरकारी_भरडाई

भावावरून आठवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने कनकीची निर्यात बंद केली, ती उठायला मार्च २०२५ उजाडला. म्हणून कनकीचा भाव वर्षाच्या सुरुवातीला एकदा लिहून तोच वर्षभर ओढत जाऊ नका. ज्या लॉटची कनकी ज्या भावाने गेली तो भाव त्या लॉटला. गोदामात पडून असेल तर आज व्यापारी जे देईल ते. मनातला भाव कधीच नाही.

तळकोकणी

आमच्याकडे उकडा तांदूळ करतात, त्यात भात उकडायला तूसच जाळतात. मग त्या तुसाचे पैसे धरायचे की नाही? विकलं तर नाहीच ना.

जुना_चक्कीवाला

चांगला प्रश्न काढलात. भट्टीत जाळलं तर दोन रस्ते आहेत. एकतर तुसाची बाजारातली किंमत वजा करा आणि तेवढेच पैसे इंधन म्हणून खर्चात लिहा, नाहीतर दोन्ही सोडा. उत्तर एकच येतं. पण काही लोक तूस वजा करतात आणि इंधनाच्या रकान्यात शून्य लिहितात. तिथे तांदूळ कागदावर स्वस्त होतो. निम्मं जाळलं, निम्मं विकलं, तर जळालेलं वजनही लिहून ठेवायला हवं, आणि ते कोणी लिहीत नाही. मीही लिहीत नव्हतो.

लाखनीची_मी

आले परत. कालपासून सगळ्यांशी भांडून झालं. गोदाम मोजलं, शिल्लक माल नाही. ५३ च्या आसपासच तांदूळ निघाला असणार.

आता प्रश्न असा की कनकी ११ हे जास्त आहे का? आमच्या गटातले लोक म्हणतात, कनकीचे पैसे चांगले आले, मग काय वाईट.

जुना_चक्कीवाला

जास्त आहे. आणि "कनकीचे पैसे चांगले आले" हे ऐकून मिलवाल्याच्या पोटात गोळा यायला हवा. समजा ११ ऐवजी ८ च कनकी पडली. तीन क्विंटल माल कनकीच्या पोत्यातून तांदळाच्या पोत्यात गेला. वजावट ६,४५० ने कमी झाली, पण आता भागायला ५३ ऐवजी ५६ आहेत. खर्च ३,९८२ वर येतो. क्विंटलमागे शंभराच्या वर फरक, मशीनवर एक रुपयाही न घालता.

तुकडा कुठे होतो ते आधी शोधा. वाळवण कशी करता?

लाखनीची_मी

सिमेंटच्या पटांगणात पातळ पसरतो. दोन दिवस ऊन, रात्री तसंच राहू देतो. ताडपत्री पुरत नाही.

जुना_चक्कीवाला

मग मशीनला बोल लावू नका. दिवसभर कडक उन्हात पातळ थरात दाणा बाहेरून झपाट्याने सुकतो, आतून ओलाच राहतो. रात्री दव पडलं की वरचा थर पुन्हा पाणी पितो, फुगतो, आणि दाण्याला आडवी चीर पडते. टरफलाच्या आत असल्यामुळे ती दिसत नाही. पॉलिशरमध्ये दाण्यावर दाब आला की तो त्या चिरेवरच मोडतो, आणि शिव्या खातो पॉलिशर.

तपासायला सोपं आहे. वाळलेल्या धानातून मूठभर घ्या, शंभर दाणे नखाने सोला, घाई करू नका. मोबाईलचा टॉर्च लावा, त्यावर काच ठेवा, काचेवर दाणे पसरा. चीर असलेल्या दाण्यात केसासारखी काळपट रेघ दिसते. शंभरात पंधरा-वीस रेघावाले निघाले तर दोष वाळवणीचा.

दाणे धड निघाले तर शेलरच्या खालून न पॉलिश केलेला लालसर तांदूळ घ्या आणि त्यात तुकडे किती ते बघा. तिथेच तुकडे असतील तर रबर रोल फार जवळ आणलेत, किंवा झिजून खड्डे पडलेत. शेलरखाली अखंड आणि पॉलिशरखाली तुकडे, तर पांढरेपणाचा हट्ट सोडा. पॉलिश जास्त झालं की कोंडाही वाढतो. तो वाढला म्हणून लोक खूश होतात, पण ते ३,७०० चा तांदूळ १,८५० च्या पोत्यात भरत असतात.

तळकोकणी

रात्री झाकायचं आणि दुपारी थर जाड करून उलटायचा, हे आमची आजी पण सांगायची. तिला चीरबीर माहीत नव्हती. "भात रात्री उघडं ठेवलं की कण्या होतात," एवढंच.

खतावणी

वाळवणीत पावसाने भिजून दोन-चार पोती सडली तर ते नुकसान त्या लॉटच्या खर्चात टाकू नका. ते नेहमीचं नाही, त्याची वेगळी ओळ करा. ओलाव्याची तीन क्विंटल घट मात्र नेहमीची, ती आतच राहू द्या.

जुना_चक्कीवाला

हे पटलं.

लाखनीची_मी

दहा दिवसांनी लिहितेय. शंभर दाण्यांत चोवीस रेघावाले निघाले. आमच्या मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा होता, दोन महिने सगळे त्यालाच बोलत होते.

मग २० क्विंटलचा एक लॉट वेगळा काढला. ताडपत्र्या घेतल्या, थर जाड ठेवला, दुपारी तीनदा उलटला, संध्याकाळी गोळा करून झाकला. ओलावा १६ वरून १४ वर आणला. प्रत्येक कट्टा काट्यावर चढवला. १९.५ क्विंटल वाळलेलं, चाळून १९.३. तांदूळ ११.१, कनकी १.८, कोंडा १.६, भुसा ४.४. चाळीस किलो कुठे गेले ते सापडले नाहीत. यावेळी बेरीज आधी केली.

खर्च आधीच्याच दराने ५१,८००. दुय्यम माल हाती पडल्याप्रमाणे ७,६३०. उरले ४४,१७०, भागिले ११.१, म्हणजे ३,९७९. कनकी घटली तरी ३,७०० खूप लांब आहे.

जुना_चक्कीवाला

आता उलटा हिशेब करा. पोतं वजा जाता ३,६६० प्रमाणे ११.१ क्विंटलचे ४०,६२६. दुय्यम माल मिळवा, ४८,२५६. यातून हमाली आणि भरडाईचे २० क्विंटलचे ३,८०० काढा. ४४,४५६ राहिले. २० ने भागलं की २,२२३. म्हणजे ३,७०० ला विकायचं असेल तर धान २,२२३ च्या वर परवडत नाही, आणि या हंगामाचा आधारभूत भावच २,३६९ होता. कनकी सुधारून हे अंतर भरणार नाही. साधं धान विकत घेऊन अखंड तांदूळ विकायचा धंदा या भावात बसत नाही.

सरकारी_भरडाई

म्हणूनच आमच्यासारखे सरकारी धान घेतात. तुम्ही नोंदणी का करत नाही?

लाखनीची_मी

गटातल्या शेतकऱ्यांना रोख पाहिजे असते म्हणून. शिवाय बँक गॅरंटी कुठून आणू?

खतावणी

साध्याऐवजी श्रीराम जातीचं धान भरडून बघा. धान महाग पडेल, पण तांदळाचा भावही वर असतो.

जुना_चक्कीवाला

बारीक दाणा आहे तो. तुकडा अजून पडेल. आधी या पटांगणावर पाच क्विंटल भरडा आणि शंभर दाणे पुन्हा सोला, मग भावाचं बोलू.

लाखनीची_मी

पाच क्विंटल श्रीराम सांगून ठेवलंय. मंगळवारी येतंय. ओलावा मीटर दोन आणलेत यावेळी, आणि दोघांत अर्धा टक्क्याचा फरक दाखवतायत. कोणावर विश्वास ठेवायचा?